चौदावा थांबा

कोपरखैरण्यातल्या आमच्या विठ्ठल मंदिराच्या विश्वस्त मंडळाचा मी चिटणीस आहे. आजवर या पदाचे काम म्हणजे इतिवृत्ताची वही भरणे, वर्गणीच्या पावत्या ठेवणे आणि सप्ताहातल्या कीर्तनकारांच्या तारखा ठरवणे एवढेच होते. गेल्या वर्षी मात्र ज्यांच्या मांडीवर बसून मी टाळ धरायला शिकलो, त्या आबांना “पारायणात मध्येच थांबवू नका” असे लेखी सांगण्याची वेळ माझ्यावर आली. ते पत्र लिहून पोहोचवीपर्यंत पाच आठवडे गेले. त्या पाच आठवड्यांत मंडळ म्हणून आम्ही काय चुकलो आणि काय शिकलो, ते येथे लिहून ठेवतो आहे.

आबा म्हणजे आमच्या मंदिराचा पायाच. घाऊक बाजारात माथाडी म्हणून पोती वाहत असताना त्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये पहिले पारायण बसवले, गावाकडून स्वतःच्या पैशाने पंचवीस पोथ्या आणल्या, आणि ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा कितीतरी गड्यांना ओवी वाचायला शिकवले. आज त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर आहे. ज्ञानेश्वरीचे निम्म्याहून अधिक अध्याय त्यांना मुखोद्गत आहेत, आणि नेमकी तीच अडचण होती. शंभर-सव्वाशे वाचक एका सुरात वाचत असताना एखादा शब्द त्यांच्या कानाला खटकला की ते हात वर करून मोठ्याने म्हणत, “थांबा! ओवी चुकली.” आबा म्हणाल्यावर व्यासपीठचालक थांबणार, चालक थांबले की मंडप थांबणार.

सप्ताहाचा हिशेब सांगितल्याशिवाय या थांबण्याचे वजन कळणार नाही. ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्या सात दिवसांत संपवायच्या, म्हणजे दिवसाला सरासरी तेराशेच्या आसपास. आमच्याकडे सकाळी सात ते साडेदहा वाचन चालते, म्हणजे मिनिटाला सहा ओव्या. ही गती आरामाची असली तरी तिच्यात पोकळी नाही. एकदा थांबले की प्रश्न केवळ दुरुस्त शब्द सांगण्याचा राहत नाही. कोणी मागची ओवी धरतो, कोणी पुढची, कोणाचे पान उलटलेले असते, मागच्या रांगेतल्यांना काय झाले ते कळलेलेच नसते, आणि पुन्हा एक सूर लागेपर्यंत तीन मिनिटे सहज जातात. तीन मिनिटे म्हणजे अठरा ओव्या. रामनवमीच्या सप्ताहात तिसऱ्या दिवशी मी पोथीच्या समासात पेन्सिलीने रेघा मारत बसलो, तेव्हा चौदा रेघा झाल्या आणि वाचन साडेदहाऐवजी अकरा वीसला संपले. वर पत्रा, खाली चैत्राचे ऊन, आणि निम्म्या बायकांच्या घरी मुलांच्या शाळेची वेळ झालेली.

त्याच दिवशीचा एक प्रसंग मला विसरता येत नाही. स्टेशनबाहेर भाजीची गाडी लावणाऱ्या एक बाई पहिल्यांदाच पारायणाला बसल्या होत्या आणि त्यासाठी आठवडाभर गाडीवर जावेला उभे करून आल्या होत्या. त्यांचा आवाज खणखणीत होता, पण ‘ळ’च्या जागी ‘ल’ येत होता. आबांनी वाचन थांबवून, अगदी मायेने, “ताई, ळ म्हणा, ळ,” असे तीनदा म्हणवून घेतले. आबांच्या मनात त्यांना शिकवण्यापलीकडे काही नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. परंतु एकशेवीस माना त्यांच्याकडे वळल्या होत्या. त्यांनी पुढचे वाचन ओठ न हलवता केले, जाताना पोथी कपाळाला लावून जागेवर ठेवली, आणि चौथ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत.

पत्राचा विचार सुचण्याआधी आम्ही दोन पळवाटा काढून पाहिल्या होत्या. पहिली म्हणजे सर्वसाधारण सूचना: पारायण सुरू होण्याआधी ध्वनिक्षेपकावरून “वाचन चालू असताना कोणीही मध्ये बोलू नये” असे सांगितले. आबांनी मान डोलावली, “बरोबर आहे, फार गडबड करतात,” असे शेजाऱ्याला म्हणाले आणि त्या दिवशी कुजबुजणाऱ्या दोघींना त्यांनी दटावलेही. जी सूचना सगळ्यांना उद्देशून असते, ती ज्याच्यासाठी असते तो सोडून बाकी सगळे मनावर घेतात. दुसरी पळवाट म्हणजे व्यासपीठचालकांच्या ध्वनिक्षेपकाचा आवाज वाढवणे. त्याने आबांचा आवाजही वाढला.

सप्ताह संपल्यावर मंडळाची बैठक झाली आणि सातांपैकी पाच जण आले. न आलेल्या दोघांनी मुद्दाम येणे टाळले, असे मला आजही वाटते. खजिनदार म्हणाले, आता त्यांचे वय झाले, किती दिवस राहिलेत, चालू द्या. हे बोलणे दयेचे वाटत असले तरी मला ते सर्वांत कठोर वाटले, कारण त्याचा अर्थ आम्ही एका माणसाच्या जाण्याची वाट पाहत बसायचे असा होत होता. एकाने सुचवले की आबांना बसायला मागे खुर्ची द्यावी. गुडघ्याचे निमित्त होतेच. तेही मोडीत निघाले, कारण मागून दिलेला आवाज पुढच्यापेक्षा जास्त दचकवतो. शेवटी पत्र द्यायचे ठरले. इतिवृत्तात काय लिहायचे यावर मात्र बराच वेळ गेला. आमचा न्यास धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला आहे आणि ही वही पुढच्या मंडळाच्या, कदाचित आबांच्या नातवाच्याही हाती पडणार आहे. म्हणून “पारायणाच्या शिस्तीबाबत व पाठाच्या एकवाक्यतेबाबत चर्चा झाली, चिटणीस व अध्यक्ष यांनी पुढील कार्यवाही करावी” एवढेच नोंदवले, नाव घातले नाही.

पहिला मसुदा मी मंदिराच्या छापील कागदावर लिहिला. “उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की” अशी त्याची सुरुवात होती. दिवसभर हिशेबाच्या खात्यात पत्रे लिहिणाऱ्या माणसाचा हात आपोआप तिकडेच जातो. वाचून अध्यक्ष म्हणाले, “हे पाणीपट्टी थकल्याची नोटीस वाटते.” दुसऱ्या मसुद्यात मी दुसऱ्या टोकाला गेलो. आबांची सेवा, पत्र्याची शेड, पंचवीस पोथ्या, त्यांचे ऋण, या सगळ्यावर दीड पान झाले आणि शेवटी “वाचनाचा ओघ अखंड राहावा अशी सर्वांची भावना आहे” असे एक वाक्य आले. तो मसुदा मी बायकोला वाचून दाखवला. तिने शांतपणे विचारले, “पत्र चांगले आहे, पण आबांचा सत्कार कधी आहे?”

तेव्हा लक्षात आले की विनंती काय आहे हे एका वाक्यात लिहिता आले पाहिजे आणि ते वाक्य पत्राच्या पहिल्या चतुर्थांशात आले पाहिजे. कौतुकाच्या लांब परिच्छेदानंतर “परंतु” आला की वाचणाऱ्याला आधीचे सगळे कौतुक त्या एका शब्दासाठी रचलेले होते असे वाटते, म्हणून तो शब्द मी पत्रातून काढूनच टाकला. ‘तक्रार’ काढला. ‘व्यत्यय’ काढला, कारण तो शब्द कृतीपेक्षा माणसाला जास्त चिकटतो. ‘काही सदस्यांचे म्हणणे आहे’ हेही काढले, कारण असे लिहिले की वाचणारा पुढचे महिनाभर कोण ते शोधत बसतो आणि ज्याला कधी काही वाटलेच नव्हते त्याच्याशी बोलणे टाकतो. मंडळ म्हणते आहे तर खाली मंडळाची नावे हवीत, म्हणून आम्ही सातही जणांनी सह्या केल्या, न आलेल्या दोघांनीही.

लिहिता लिहिता एक काम मात्र असे झाले की ज्याने पत्राचा रोखच बदलला. त्या चौदा रेघांसमोरच्या ओव्या मी तीन पोथ्या समोर ठेवून पुन्हा तपासल्या. त्यांपैकी चार ठिकाणी वाचकांचा उच्चार खरोखर चुकला होता. नऊ ठिकाणी मात्र कोणाचीच चूक नव्हती, प्रती वेगळ्या होत्या. आमच्याकडे आबांच्या जुन्या पोथ्या आहेत, कोणी नवीन छपाईची प्रत आणतो, आणि एका मुलाने महाविद्यालयातून राजवाडे प्रतीवरून छापलेली आणली होती. एकात अनुस्वार आहे, दुसऱ्यात नाही, आणि कुठे एखादी ओवीच जास्त असल्याने पुढचे सगळे क्रमांक सरकलेले. म्हणजे आबा ज्याला चूक म्हणत होते तो पाठभेद होता आणि तो मंडपात आणला होता आम्ही, कारण सर्वांना एक प्रत द्यावी असे मंडळाला इतक्या वर्षांत सुचले नव्हते. उरलेला एक थांबा आबांचाच होता. त्यांनी पाठ म्हणून सांगितलेली ओवी शेजारच्या ओवीत मिसळली होती. तो मी पत्रात लिहिला नाही. वयाकडे बोट दाखवल्यासारखे झाले असते.

अखेरचे पत्र साध्या रेघी कागदावर हाताने लिहिले. त्यातला गाभा असा होता:

“तीर्थस्वरूप आबांस, शिरसाष्टांग नमस्कार. पारायणात वाचन चालू असताना चूक आढळली तरी आपण त्या क्षणी वाचन थांबवू नये, अशी आम्हा सर्वांची आपणांस विनंती आहे. तिसऱ्या दिवशी वाचन चौदा वेळा थांबले आणि पन्नास मिनिटे उशीर झाला. त्यातल्या चार ठिकाणी उच्चार चुकला होता. नऊ ठिकाणी प्रती वेगळ्या असल्याने पाठ जुळत नव्हता, आणि हा दोष मंडळाचा आहे. पुढच्या सप्ताहासाठी सर्वांना एकच प्रत घ्यायची आहे. कोणती घ्यावी ते आपण ठरवून द्यावे. उच्चाराच्या ज्या चुका आपल्या कानी येतील त्या पेन्सिलीने टिपून ठेवाव्यात, आणि रोज पसायदानानंतर पंधरा मिनिटे आपण त्या सर्वांना समजावून सांगाव्यात.”

प्रत निवडण्याच्या कामावर मंडळात वाद झालाच. लहान मुलाच्या हातून काचेचे भांडे काढून खुळखुळा देण्यासारखे हे आहे, असे एकजण म्हणाला. मी म्हणालो, आबांनी निवडलेली प्रत आपण खरोखर घेणार असू, तिचे पैसे मोजणार असू, तर तो खुळखुळा नव्हे. खजिनदारांकडून सव्वाशे प्रतींच्या खर्चाला आधी होकार घेतला, मगच ते वाक्य पत्रात राहू दिले. पत्रात न लिहिलेली आणखी एक गोष्टही ठरली: आबांनी पुन्हा हात वर केला तर व्यासपीठचालकांनी थांबायचे नाही, नजर पोथीत ठेवून वाचत राहायचे. इतकी वर्षे मंडप आबांच्या आवाजाने थांबत नव्हता, चालकांच्या गप्प होण्याने थांबत होता, हे आम्हाला उशिरा कळले.

पत्राचा फोटो कोणी काढायचा नाही, समूहावर टाकायचा नाही, मंदिरात द्यायचे नाही आणि एकादशीला तर नाहीच, असे ठरवून आम्ही दोघे, अध्यक्ष आणि मी, एका मंगळवारी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. पत्र हातात द्यायचे आणि चहा घेऊन निघायचे, म्हणजे आमच्या देखत त्यांना काही वाटून घ्यावे लागणार नाही, असा बेत होता. तो उंबऱ्यातच मोडला. आबांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन होऊन चारच दिवस झाले होते आणि डोळ्यांवर हिरवा चष्मा होता. त्यांनी पाकीट माझ्याकडेच परत दिले. “वाच.”

स्वतः लिहिलेले असे पत्र, ज्याला लिहिले त्याच्यासमोर मोठ्याने वाचणे ही शिक्षा मी कोणालाही देणार नाही. पहिली दोन वाक्ये मी कशीबशी वाचली. अध्यक्ष जमिनीवरच्या फरशा मोजत होते, सून चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारातच थांबली होती. मी “नऊ ठिकाणी” पर्यंत पोहोचलो आणि आबांचा हात वर आला.

“थांब. चार आणि नऊ तेरा झाले. तू चौदा म्हणालास.”

वर्षानुवर्षे पोत्यांचे हिशेब तोंडी ठेवलेल्या माणसाकडून बेरीज सुटेल असे मला वाटलेच कसे, कोण जाणे. त्यांच्यापासून लपवायची म्हणून गाळलेली गोष्टच त्यांनी नेमकी पकडली होती. मी अध्यक्षांकडे पाहिले, त्यांनी मान वर केली नाही. शेवटी मी म्हणालो, “आबा, चौदावा तुमचा होता.”

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग सुनेला हाक मारून लाल फडक्यात बांधलेली पोथी आणायला सांगितली आणि मला म्हणाले, “कुठली ओवी ते दाखव. आणि पुन्हा मला लिहिताना असले काही गाळू नकोस. नाथांनी शके १५०६ मध्ये ही पोथी शुद्ध केली तेव्हा अमृताच्या ताटात नरोटी ठेवू नका म्हणून बजावले होते. नरोटी माझी असली तरी ती नरोटीच.” मी ओवी वाचून दाखवली. त्यांनी ती पाठ म्हणून पाहिली, पुन्हा तीच चूक झाली, आणि ती झाल्याचे त्यांना या वेळी ऐकू आले. त्यानंतर बाकीचे पत्र त्यांनी मध्ये न थांबवता ऐकले.

पत्रातली एक गोष्ट त्यांनी तिथल्या तिथे खोडायला लावली. पसायदान झाले की त्या दिवसाचे वाचन पूर्ण झाले, त्यानंतर कोणाची चूक काढायची नसते, असे ते म्हणाले. पारायणाची वर्षे मोजणाऱ्या आमच्या सातांपैकी एकालाही हे सुचले नव्हते. दुरुस्ती दुसऱ्या दिवशी, सकाळी वाचनाआधी, आणि कोणाचे नाव न घेता, फक्त शब्द, असे त्यांनीच ठरवले. प्रत कोणती ते “बघून सांगतो” म्हणाले. चहा गार झाला होता, तो आम्ही तसाच घेतला.

सगळे गोडीगुलाबीने झाले असे मात्र नाही. पुढचे अकरा दिवस आबा संध्याकाळच्या हरिपाठाला आले नाहीत. डोळ्यांचे कारण होते आणि ते खरेही होते. पण त्यांच्या सुनेने मला बाजारात गाठून सांगितले की आबा रात्री पोथी उघडून बसतात आणि कोणाशी बोलत नाहीत. आम्ही जायचे की नाही यावर पुन्हा विचार झाला आणि जायचे नाही असे ठरले. विनंती केल्यावर लगेच समजूत काढायला धावलो असतो, तर विनंतीच मागे घेतल्यासारखी झाली असती. बाराव्या दिवशी ते आले, नेहमीच्या खांबाजवळ उभे राहिले, टाळ हातात घेतले. पत्राचा विषय त्यांनीही काढला नाही, आम्हीही नाही. दिवाळीच्या सुमारास त्यांनी प्रतीचे नाव एका चिठ्ठीवर लिहून खजिनदारांच्या हातात दिले. त्यांच्या स्वतःच्या पंचवीस पोथ्यांची ती प्रत नव्हती. टाइप मोठा आणि ओवीचा शब्द तोडून छापलेला, म्हणून नवशिक्यांना सोपी, असे त्यांनी खाली कारण दिले होते.

यंदाच्या सप्ताहात दुसऱ्या दिवशी आबांचा हात एकदा निम्म्यापर्यंत वर गेला. चालकांनी ठरल्याप्रमाणे नजर पोथीतून काढली नाही, वाचन पुढे गेले, आणि तो हात टोपी सारखी करून खाली आला. वाचन रोज पावणेअकराच्या आत संपत होते. उरलेली पंधरा मिनिटे उशिरा सुरू होण्यात जातात, ते वेगळे प्रकरण आहे आणि त्यात दोष माझा आहे, कारण ध्वनिक्षेपक मी लावतो. भाजीवाल्या बाईंकडे मी स्वतः निरोप घेऊन गेलो होतो. त्या “बघते” म्हणाल्या, आल्या मात्र नाहीत.

रोज सकाळी पावणेसातला आबा वहीतले पाच-सहा शब्द वाचून दाखवत. शेवटच्या दिवशी अठराव्या अध्यायाचे वाचन, अठराशेच्या वर ओव्या, म्हणून वेळ वाचवायला मी त्यांना म्हणालो की आज शब्द राहू द्या. त्यांनी वही माझ्यापुढे धरली. कालच्या तारखेखाली चार शब्द होते, आणि चौथ्यापुढे कंसात त्यांनी स्वतःचेच नाव लिहिले होते.